उद्याचे पाव किती?

संध्याकाळी साडेसातला बेकरीवाल्याचा फोन येतो आणि तो एकच गोष्ट विचारतो, "काका, उद्याला किती टाकू?" कॉलेजच्या फाटकासमोर वडापावची गाडी लावणाऱ्या माणसाला याचं उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. "उद्या दुपारी बघून सांगतो" असं म्हणून भागत नाही. रात्री पीठ मळलं जातं, पहाटे भट्टीतून लाद्या निघतात आणि उजाडता उजाडता टेम्पो निघूनही जातो. उद्या किती मुलं येतील हे कुणालाच माहीत नाही, पण आकडा आजच सांगायचा आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, मागणीचा अंदाज हा विषय मी याच फोनपासून सुरू करतो. तुमच्या पुस्तकांत या प्रकरणाचा पहिला नियम म्हणून एक वाक्य येतं, की अंदाज नेहमी चुकतो. ते वाचून दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतं, "मग करायचा कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर वाक्यांनी देता येत नाही, हिशेबाने देता येतं. तेव्हा वही काढा आणि गाडीचा हिशेब माझ्याबरोबर मांडा. आकडे मी शिकवण्यासाठी धरले आहेत, पण असा हिशेब कुठल्याही गाडीवर बसवता येईल.

गाडी सोमवार ते शुक्रवार लागते. काकांनी वार पाहून अंदाज बांधला आहे. सोमवारी २७०, मंगळवारी आणि बुधवारी २३०, गुरुवारी २५० आणि शुक्रवारी १७०, कारण शुक्रवारी दुपारीच बाहेरगावची मुलं एसटी पकडतात. हे आकडे आले कसे? गेल्या सहा सोमवारांची सरासरी सोमवारला, गेल्या सहा मंगळवारांची मंगळवारला. सुट्टीचा, बंदचा दिवस त्यातून काढून टाकला आणि त्याच्या मागचा त्याच वाराचा दिवस घेतला. एवढीच पद्धत. एक पथ्य मात्र पाळायचं. एखादा दिवस नुसता मोठा किंवा लहान दिसतो म्हणून तो काढायचा नाही. कारण माहीत असेल तरच काढायचा. नाहीतर आपल्याला न आवडणारे आकडे गाळून आपण वही स्वच्छ करतो आणि उद्याचा धक्का पदरात घेतो.

आता पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष मागणी किती झाली ते लिहा. पहिला आठवडा, सोमवारपासून: २८२, २१०, २३५, २४२, २००. दुसरा आठवडा: २५५, २४८, २२६, २२४, १७८. प्रत्येक आकड्यातून त्या दिवसाचा अंदाज वजा करा. पहिल्या आठवड्याच्या चुका आल्या +१२, −२०, +५, −८, +३०. दुसऱ्याच्या −१५, +१८, −४, −२६, +८. दहा दिवस, आणि एकदाही अंदाज बरोबर आला नाही. चिन्ह सोडून बेरीज केली तर १४६ येते, म्हणजे काका रोज सरासरी १४.६ पावांनी चुकले.

इथे बहुतेकांच्या मनात येतं की पद्धतच साधी आहे, जरा चांगली पद्धत वापरली तर चूक शून्यावर येईल. तसं होणार नाही, आणि का होणार नाही हे एकदा नीट पाहून ठेवा. कॉलेजात २००० मुलं आहेत असं धरा. वडापाव खायचा की नाही हे प्रत्येक जण आपापलं ठरवतं. कुणाचा डबा असतो, कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाचं लेक्चर लांबतं. आणखी असंही धरा की काकांना सगळं माहीत आहे, म्हणजे मंगळवारी एका मुलाने वडापाव घेण्याची शक्यता नेमकी साडेअकरा टक्के आहे हेसुद्धा. २००० चे साडेअकरा टक्के म्हणजे २३०. तरीही नेमके २३० पाव खपतील असं नाही. नाणं शंभर वेळा उडवलं तर छाप बरोबर पन्नास वेळा पडेलच असं नसतं, तसंच हे आहे. याचं गणित सोपं आहे. २००० × ०.११५ × ०.८८५ चं वर्गमूळ काढा. साधारण १४ येतं. हे झालं प्रमाणित विचलन, म्हणजे खप सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप. चिन्ह सोडून सरासरी चूक त्याच्या चार-पंचमांश असते, म्हणजे ११ च्या आसपास.

काय झालं बघा. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याचीसुद्धा रोज सरासरी ११ पावांची चूक होणार. काकांची १४.६ आहे. प्रत्यक्षात मुलं एकेकटी येत नाहीत, चौघांचं टोळकं येतं आणि चौघेही घेतात, त्यामुळे ती ११ ची पायरी अजून वर सरकते. म्हणजे काकांच्या चुकीतला मोठा भाग काकांचा नाहीच, तो दोन हजार स्वतंत्र मनांचा आहे. तो कुठल्याही पद्धतीने निघणार नाही. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुठे मेहनत घ्यायची आणि कुठे थांबायचं ते तो सांगतो. १४.६ वरून १३ वर येण्यासाठी डोकं लावायला हरकत नाही. ५ वर आणून दाखवतो असं म्हणणाऱ्याच्या गोष्टीत काहीतरी गोम आहे हेही यातून कळतं.

मग दहापैकी दहा वेळा चुकलेल्या या अंदाजाचा उपयोग काय? तो अंदाज नसता तर काय झालं असतं, याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. अंदाज करायचाच नाही असं ठरवलं तरी साडेसातला फोन येतो आणि आकडा सांगावाच लागतो. अंदाज न करणाऱ्याचा आकडा म्हणजे सवयीचा आकडा. काकांच्या पाच दिवसांची सरासरी २३० येते, तेव्हा शेजारच्या गाडीवाले भाऊ रोज डोळे मिटून २३० पाव घेतात असं धरा, आणि त्यांच्याकडेही हीच मागणी आली असं माना.

पैशांत मोजू. वडापाव २० रुपयांना. पाव ४ रुपयांचा, आणि वडा, चटणी, मिरची, कागद मिळून ९ रुपये. एका वडापावमागे सुटतात ७ रुपये. वडे गिऱ्हाईक पाहून तळले जातात, त्यामुळे पाव उरला तर वाया जातो तो फक्त पाव. उरलेला पाव दुसऱ्या दिवशी टोस्टसाठी एक रुपयाला जातो, म्हणजे नुकसान ३ रुपये. पाव कमी पडला तर गिऱ्हाईक मागे जातं आणि हातचे ७ रुपये जातात.

भाऊंच्या दहा दिवसांचा हिशेब करा. रोज २३० घेतले तर एकंदर ११२ पाव कमी पडतात आणि ११२ उरतात. ११२ गुणिले ७ म्हणजे ७८४, ११२ गुणिले ३ म्हणजे ३३६. मिळून ११२० रुपये गेले. काकांनी वारानुसार अंदाजाइतकेच पाव घेतले असते तर ७३ कमी पडतात, ७३ उरतात. ५११ आणि २१९, मिळून ७३०. एकदाही बरोबर न आलेल्या अंदाजाने दहा दिवसांत ३९० रुपये वाचवले. सोमवारी जास्त आणि शुक्रवारी कमी, एवढंच त्या अंदाजाला माहीत होतं. तेवढं पुरेसं ठरलं.

इथवर बहुतेक जण येतात. खरी गंमत पुढे आहे.

काकांचा अंदाज मंगळवारी २३० आहे. मग बेकरीवाल्याला २३० सांगायचे का? नाही. अंदाज म्हणजे किती खपेल असं वाटतं ते, आणि ऑर्डर म्हणजे किती घ्यायचं ते. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तिसरं वाक्य म्हणजे किती खपावं अशी आपली इच्छा आहे ते, त्याला उद्दिष्ट म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांतसुद्धा हे तीन आकडे एकाच रकान्यात लिहिले जातात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. विक्री विभाग उद्दिष्ट सांगतो, कारखाना त्याला अंदाज समजून माल बनवतो आणि गोदाम भरून जातं. तुम्ही वहीत पहिल्या दिवसापासून तीन वेगळे रकाने आखा.

ऑर्डर अंदाजापेक्षा किती वर ठेवायची हे ३ आणि ७ ठरवतात. एक पाव उरला तर ३ जातात, एक कमी पडला तर ७. कमी पडणं दुपटीहून महाग आहे, तेव्हा थोडं उरलेलं बरं. पण थोडं म्हणजे किती? ७ ला ७ अधिक ३ ने भागा. ०.७ येतं. याचा अर्थ, दहा दिवसांपैकी सात दिवस मागणी आपल्या ऑर्डरमध्ये बसेल इतकी ऑर्डर ठेवा आणि तीन दिवस कमी पडू द्या. हे तीन दिवस कमी पडणं ही चूक नाही, ठरवून पत्करलेली गोष्ट आहे. काकांच्या दहा चुका लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा: −२६, −२०, −१५, −८, −४, +५, +८, +१२, +१८, +३०. सातवी चूक +८ आहे. म्हणून रोज अंदाजापेक्षा ८ पाव जास्त घ्यायचे.

ताळा करून बघू. अंदाज अधिक ८ घेतले तर दहा दिवसांत ३६ पाव कमी पडतात, ११६ उरतात. २५२ अधिक ३४८, मिळून ६०० रुपये. ७३० वरून ६०० वर आलो. अधिक १२ घेतले तरी ६००च येतात, म्हणजे ८ ते १२ मध्ये कुठेही राहिलं तरी चालतं. अधिक २० घेतले की ७०० होतात. "कधीच कमी पडू द्यायचं नाही" असा हट्ट धरून अधिक ३० घेतले तर ९००, आणि ते अंदाजाइतके घेण्यापेक्षाही महाग पडतं. भाऊंनी रोजच्या २३० वर १२ वाढवले असते तर त्यांचं नुकसान ९५० वर आलं असतं, त्याखाली नाही. म्हणजे नुसते ज्यादा पाव घेऊन भागत नाही, आधी वारांचा अंदाज लागतोच.

८ ते १२ हा सपाट पट्टा कामाचा आहे, कारण बेकरीवाला सुटे पाव देत नाही, लादी देतो. सहाची लादी धरू. मंगळवारी २३८ ते २४२ हवेत, म्हणजे ४० लाद्या, २४० पाव. सोमवारी ४७ लाद्या म्हणजे २८२. गुरुवारी ४३ म्हणजे २५८. शुक्रवारी ३० म्हणजे १८०. सगळे पट्ट्यात बसतात. आता फोनवर "उद्याला चाळीस" एवढंच सांगायचं.

हा ८ कुठून आला ते लक्षात घ्या. अंदाजाच्या आकड्याने तो दिला नाही, चुकांच्या ओळीने दिला. काकांनी फक्त २३० लिहून ठेवलं असतं आणि रोजची चूक लिहिली नसती तर ८ हा आकडा कुणालाच काढता आला नसता. म्हणून मी म्हणतो की "२३०" हा अर्धा अंदाज आहे. "२३०, आणि आपण सहसा इतक्याने चुकतो" हा पूर्ण अंदाज.

चुका त्याच ठेवा आणि किंमत बदला, ऑर्डर उलटी फिरते. एखादा असा नाशवंत पदार्थ घ्या की विकला तर ३ सुटतात आणि उरला तर ७ जातात. आता भागाकार ०.३ येतो, तिसरी चूक −१५ आहे, म्हणजे अंदाजापेक्षा १५ नग कमी घ्यायचे. अंदाज एकच, दोन दुकानदार, एक वर जातो आणि दुसरा खाली, आणि दोघेही बरोबर. याच पद्धतीचं मूळ रूप १८८८ साली अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी बँकेच्या रोकडीसाठी मांडलं. खातेदार किती पैसे काढायला येतील हे माहीत नसताना तिजोरीत किती ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे तो वर्तमानपत्र विकणाऱ्याचा प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला, कारण कालचा पेपर आज कुणी घेत नाही.

दोन खबरदाऱ्या इथेच सांगतो. आपण ८ काढला तो ज्या दहा दिवसांतून, ताळाही त्याच दहा दिवसांवर केला. पुढच्या दहा दिवसांत तो इतका चोख बसणार नाही. तीस-चाळीस दिवसांच्या चुका जमल्या की मग त्या आकड्यावर भार टाका. दुसरं म्हणजे ते ७ रुपये. मागे गेलेलं गिऱ्हाईक कधी नुसते वडे घेतं, मग नुकसान ७ पेक्षा कमी. कधी ते शेजारच्या गाडीवर जातं आणि तिथलंच होऊन बसतं, मग नुकसान पुष्कळ जास्त. तुम्ही ते १२ धरलं तर भागाकार ०.८ येतो आणि आठवी चूक म्हणजे +१२ घ्यायचे. ७ धरायचं की १२ हे गणित सांगत नाही. ते गाडीवर उभं राहून, माणसं परत येतात का ते बघूनच ठरवावं लागतं.

आता बटाट्यांकडे वळू. पाव रोज घ्यावे लागतात, पण बटाटे आणि बेसन काका आठवड्याला एकदाच भरतात. त्यांना रोजचा आकडा नको, आठवड्याची बेरीज हवी. अंदाजाची बेरीज ११५०. पहिल्या आठवड्याची प्रत्यक्ष मागणी ११६९, दुसऱ्याची ११३१. दोन्ही वेळा चूक १९ची, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. रोजची सरासरी चूक मात्र २३० मागे १४.६, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. पद्धत तीच, वही तीच. फरक एवढाच की आठवड्याच्या बेरजेत मंगळवारचे वजा वीस शुक्रवारच्या अधिक तीसला काटतात. चुका एकमेकांना खातात. त्यामुळे बटाट्यांसाठी ज्यादा साठा थोडाच ठेवला तरी चालतो. बेकरीवाल्याचंही तसंच आहे. त्याच्याकडे चाळीस गाड्यांची बेरीज असते, म्हणून मैद्याच्या बाबतीत तो काकांपेक्षा कमी चुकतो.

पण चुका एकमेकांना खातात ते त्या वेगवेगळ्या कारणांनी होत असतील तरच. दिवसभर धो धो पाऊस लागला किंवा परीक्षा पुढे ढकलली, तर चाळीसही गाड्यांवर एकाच दिशेने चूक होते आणि बेरीज करून काहीच वाचत नाही. अशा दिवसासाठी सरासरीचा आधार घेऊ नका. कॉलेजचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी बघा.

पावसाचा विषय निघालाच आहे तर हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाज नीट वाचायला शिका. एप्रिल २०२४ मध्ये खात्याने सांगितलं, जून ते सप्टेंबरचा पाऊस देशभर मिळून दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के असेल, आणि त्यापुढेच लिहिलं, अधिक-उणे ५ टक्के. मे अखेरच्या सुधारित अंदाजात १०६ तोच राहिला, पण अधिक-उणे ४ झालं. पाऊस झाला १०८ टक्के. वर्तमानपत्राच्या मथळ्यात १०६ येतं, अधिक-उणे गळून पडतं, आणि लोक म्हणतात अंदाज दोनने चुकला. वाचायचं होतं ते तीन गोष्टींनी मिळून. अंदाजासोबत त्याची चूक सांगितली आहे. हंगाम जवळ आला तशी ती चूक लहान झाली आहे. आणि हा आकडा सगळ्या देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेचा आहे, आठवड्याच्या बटाट्यांसारखा. आपल्या तालुक्यात अमुक आठवड्यात पेरणी करावी का, हा मंगळवारच्या पावांचा प्रश्न आहे. त्याला १०६ वरून उत्तर काढायला गेलात तर दोष अंदाजाचा नाही.

जवळ आल्यावर चूक लहान होते, याचा फायदा काकाही घेऊ शकतात. बेकरीवाला दुपारी तीनला दुसरी खेप आणायला तयार असेल तर सकाळी थोडे कमी घ्यायचे आणि एक वाजेपर्यंतचा खप पाहून उरलेले सांगायचे. चांगला अंदाज करण्याच्या मागे लागण्यापेक्षा अंदाज उशिरा करता येईल अशी सोय करणं पुष्कळदा स्वस्त पडतं. खेपेचं भाडं आणि वाचणारे पैसे शेजारी शेजारी मांडा, लगेच दिसेल.

आता मघाशी मी एक गोष्ट तुमच्या नकळत पुढे सरकवली, ती उघड करतो. पहिल्या सोमवारची मागणी २८२ लिहिली आपण. तो आकडा कुठून आला? त्या दिवशी काकांकडे पाव होतेच २४०. बेकरीतून माल कमी आला होता. साडेपाचला शेवटचा पाव गेला. गल्ल्याच्या हिशेबात विक्री २४० आहे. २८२ वडापाव त्या दिवशी विकलेच गेले नाहीत.

विक्री आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वहीत आपोआप उतरते ती फक्त विक्री. साडेपाचनंतर जी मुलं आली, रिकामी टोपली पाहिली आणि वळली, त्यांची नोंद कुठेच होत नाही. म्हणून नोंद करायची सोय मुद्दाम करावी लागते. ज्या दिवशी पाव उरतात त्या दिवशी एक वाजता, तीन वाजता आणि साडेपाचला टोपलीत किती लाद्या राहिल्या ते लिहून ठेवायचं. पंधरा-वीस दिवसांत कळतं की साडेपाचपर्यंत दिवसाचा सुमारे ८५ टक्के खप होऊन गेलेला असतो. मग ज्या दिवशी साडेपाचला २४० वर संपले, त्या दिवसाची मागणी म्हणजे २४० भागिले ०.८५, साधारण २८२. हाही अंदाजच आहे. पण २४० पेक्षा तो सत्याच्या पुष्कळ जवळ आहे.

हे न केल्यास काय होतं ते आकड्यांत बघा, कारण हा घोटाळा बाहेरून दिसत नाही. समजा सोमवारी मागणी आलटून पालटून २८२ आणि २५५ होते आणि काका २७० पाव घेतात. वहीत येतात २७० आणि २५५. सरासरी २६२. पुढच्या खेपेला २६२ घेतले की वहीत २६२ आणि २५५, सरासरी २५८. मग २५८ घेतले की २५६. मागणी जागची हललेली नाही, पण ऑर्डर दर खेपेला खाली घसरते, आणि वही दर वेळी सांगते की अंदाज अधिकाधिक बरोबर येत चालला आहे. पाव उरत नाहीत, चूक लहान दिसते, मालक खूश असतो. आणि साडेपाचनंतरची गिऱ्हाइकं एकेक करून तुटत असतात. ओळखायची खूण एकच. विक्रीचा आकडा ऑर्डरच्या आकड्याइतकाच वारंवार येऊ लागला की समजा, तो मागणीचा आकडा राहिलेला नाही. पाव संपला ती वेळ लिहा. वहीतला हा सगळ्यात मोलाचा रकाना आहे.

शेवटचा मुद्दा चुकांच्या चिन्हाचा. आपल्या दहा चुकांची चिन्हासह बेरीज करा. शून्य येते. म्हणजे काका चुकतात, पण एका बाजूला झुकत नाहीत. आता पुढचा आठवडा घ्या. चुका आल्या +१०, +१४, +९, +१६, +१२. एकेक पाहिली तर कुणी दचकणार नाही, रोजच्या १४.६ च्या आसपासच आहेत. पण पाचही एकाच बाजूच्या आहेत. त्यांची बेरीज ६१. तिला नेहमीच्या सरासरी चुकीने भागा, ६१ भागिले १४.६, म्हणजे ४.२. हा भागाकार अधिक-उणे ४ च्या बाहेर गेला की सरासरीवरचा विश्वास थांबवायचा आणि गाडीबाहेर बघायचं, असा एक सर्वसाधारण दंडक आहे. चौथ्या दिवशी बेरीज ४९ होती, भागाकार ३.४. तेव्हा घाई करायची नव्हती. पाचव्या दिवशी मात्र विचारायला निघायचं.

विचारायचं म्हणजे येणाऱ्या मुलांनाच विचारायचं. समजा कळलं की वसतिगृहाची खानावळ दुरुस्तीसाठी बंद आहे आणि महिनाभर बंद राहणार आहे. मग गेल्या सहा आठवड्यांची सरासरी आता दुसऱ्याच कॉलेजची आहे असं समजा. तिला एका बाजूला ठेवा, नवा अंदाज या पाच दिवसांवरून बांधा, म्हणजे जुन्या आकड्यात रोज १२ वाढवा, कारण ६१ भागिले ५ म्हणजे १२. चुकांची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू करा. खानावळ उघडायची तारीख वहीच्या कडेला लिहून ठेवा, कारण त्या दिवशी हे १२ परत काढायचे आहेत. आणि येत्या मंगळवारी बेकरीवाल्याने विचारलं की २३० अधिक १२ अधिक ८ ते १२ करा, २५० ते २५४ येतात, आणि त्याला बेचाळीस लाद्या सांगा.